सातपूर–मुसळगाव फेररचना: कर्मचाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या सोमवारी तिन्ही कारखान्यांच्या सूचनाफलकांवर फेररचनेची सूचना लागली. त्यानंतर आठवडाभर कँटीनमध्ये, पाळी सुटताना गेटवर आणि बसमध्ये कर्मचाऱ्यांनी विचारलेले प्रश्न मनुष्यबळ विभागाने लिहून घेतले, आणि त्यांची उत्तरे या पत्रकात दिली आहेत. काही उत्तरे आज पक्की आहेत, काही ठरलेल्या तारखेपर्यंत पक्की होतील, आणि काही अशी आहेत की ती कंपनीच्या हातातच नाहीत. कोणते उत्तर कोणत्या प्रकारचे आहे, हे प्रत्येक ठिकाणी स्पष्ट सांगितले आहे.

नेमके काय बदलणार आहे?

सातपूर आणि अंबड येथील दोन मेंटेनन्स विभागांचा एक विभाग होईल, आणि दोन स्टोअर्सचेही तसेच एकत्रीकरण होईल. सातपूरच्या मशीन शॉपमधील दोन लाइन्स सिन्नरजवळच्या मुसळगाव औद्योगिक वसाहतीतील आपल्या नव्या शेडमध्ये हलवल्या जातील. पहिल्या टप्प्यात ग्राइंडिंग लाइन जाईल आणि तिच्यासोबत ३८ जागा जातील. दुसऱ्या टप्प्यात हॉरिझॉन्टल मशीनिंग सेंटरची लाइन जाईल आणि तिच्यासोबत २६ जागा जातील. टूलरूम आणि हीट ट्रीटमेंट सातपूरलाच राहतील, आणि अंबडच्या असेंब्लीत काहीही बदल होणार नाही.

पहिला टप्पा १ डिसेंबरपासून सुरू होईल, हे पक्के आहे. दुसऱ्या टप्प्याची तारीख आज सांगता येत नाही, आणि त्याचे कारण पुढे सविस्तर दिले आहे.

कोणाची नोकरी जाणार आहे का?

या फेररचनेमुळे कोणत्याही कायम कर्मचाऱ्याला पुढील वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत कमी केले जाणार नाही, असा ठराव संचालक मंडळाने मंजूर केला आहे. त्याची सहीची प्रत कामगार संघटनेकडे देण्यात आली असून संघटनेच्या कार्यालयात ती कोणालाही पाहता येईल.

त्या तारखेनंतर काय, असा प्रश्न अनेकांनी विचारला आणि तो योग्यच आहे. त्यापुढच्या काळासाठी वचन देण्याचा अधिकार मंडळाने आम्हाला दिलेला नाही, म्हणून ते वचन आम्ही देत नाही. आपल्या मालाची मागणी सध्या घटलेली नाही आणि मुसळगावच्या शेडवर झालेला खर्च हा काम वाढवण्याच्या अपेक्षेने केलेला आहे, एवढे मात्र खरे आहे. ‘कोणालाही कधीच काही होणार नाही’ असे लिहिणे सोपे होते, परंतु तसे पत्रक मी एका जुन्या नोकरीत स्वतः वाटले होते. तिसऱ्या महिन्यात ते खोटे ठरल्यानंतर माझ्यासमोर बसलेल्या माणसांचे चेहरे मला अजून आठवतात. म्हणून येथे तारीख लिहिली आहे, आणि त्या तारखेपर्यंतचा शब्द पाळला जाईल.

माझी नोकरी ‘नवी’ धरली जाईल का? राजीनामा देऊन पुन्हा रुजू व्हावे लागेल का?

राजीनामा द्यावा लागणार नाही, आणि कोणी मागितला तरी देऊ नये. कंपनी एकच आहे, मालक बदलत नाही, फक्त कामाची जागा बदलते आहे. अशा वेळी कर्मचाऱ्याला बदली आदेश दिला जातो आणि त्याची सेवा सलग राहते. आपल्या हातात येणाऱ्या कागदाचे शीर्षक ‘बदली आदेश’ असेच असेल आणि त्यात मूळ रुजू झाल्याची तारीख छापलेली असेल. शीर्षकात ‘नेमणूकपत्र’ असे असेल, किंवा मूळ तारखेची जागा कोरी असेल, तर सही करू नये आणि तो कागद थेट आमच्याकडे आणावा.

या एका मुद्द्यावर जास्त लिहिण्याचे कारण असे की सेवा तुटल्याचे नुकसान त्या दिवशी कळत नाही, ते चार-पाच वर्षांनी हिशेबाला बसल्यावर दिसते. एक उदाहरण घेऊ. एका ऑपरेटरची सेवा ११ वर्षे ७ महिने झाली आहे आणि ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा त्याचा पगार दरमहा १८,२०० रुपये आहे. ग्रॅच्युइटीचा हिशेब महिन्याचे २६ दिवस धरून, दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराने होतो, आणि शेवटच्या अपुऱ्या वर्षात सहा महिन्यांहून अधिक काळ झालेला असेल तर ते पूर्ण वर्ष मोजले जाते. म्हणजे १८,२०० भागिले २६ हे ७०० रुपये झाले, त्याचे १५ दिवसांचे १०,५०० रुपये, आणि १२ वर्षांचे १,२६,००० रुपये.

आता समजा, त्याने राजीनामा दिला, ही रक्कम घेतली, दुसऱ्या दिवशी ‘नवा’ म्हणून रुजू झाला आणि चार वर्षांनी नोकरी सोडली. कायम कर्मचाऱ्याला नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळण्यासाठी पाच वर्षांची सलग सेवा लागते, त्यामुळे या चार वर्षांचे त्याला काहीच मिळणार नाही. त्याने राजीनामा दिलाच नाही, तर चार वर्षांनंतर त्याची सेवा १५ वर्षे ७ महिने, म्हणजे हिशेबाला १६ वर्षे होईल. शिवाय सगळी १६ वर्षे शेवटच्या पगाराने मोजली जातील. तो पगार तोपर्यंत २३,४०० रुपये झाला असे धरले, तर दिवसाचे ९०० रुपये, १५ दिवसांचे १३,५०० रुपये आणि १६ वर्षांचे २,१६,००० रुपये होतात. एका सहीने ९०,००० रुपयांचा फरक पडतो, आणि तोही हाती रोख रक्कम मिळाल्याच्या समाधानात लक्षात येत नाही.

मुसळगावचे युनिट उद्या वेगळ्या कंपनीत गेले तर?

आज तसा कोणताही प्रस्ताव नाही. तरीही विचारणाऱ्यांसाठी कायदा काय सांगतो ते लिहितो. व्यवसायाची मालकी दुसऱ्याकडे गेली तर तीन गोष्टी पाळाव्या लागतात: कामगाराच्या सेवेत खंड पडता कामा नये, नव्या मालकाकडच्या सेवाशर्ती आधीपेक्षा कमी दर्जाच्या असता कामा नयेत, आणि पुढे कधी कपात करावी लागली तर जुनी सेवा सलग धरून भरपाई देण्याची जबाबदारी नव्या मालकाने स्वीकारलेली असली पाहिजे. या तिन्हींपैकी एकही तुटली तर कामगार भरपाईला पात्र ठरतो.

भविष्यनिधी आणि कामगार विम्याचे काय?

भविष्यनिधीचा आपला यूएएन क्रमांक तोच राहील. मात्र मुसळगावच्या युनिटला भविष्यनिधी कार्यालयाचा स्वतंत्र संकेतांक आहे, त्यामुळे बदली झालेल्यांच्या यूएएनखाली दुसरे सदस्य खाते उघडेल आणि जुन्या खात्यातील रक्कम त्यात वर्ग करावी लागेल. हे काम कंपनी करील, पण त्यात होणारी नेहमीची चूक आपल्याला ओळखता आली पाहिजे. जुन्या खात्यात शेवटची तारीख भरायचीच राहिली, तर रक्कम वर्ग होत नाही. ती तारीख चुकीची भरली गेली आणि नव्या खात्याची सुरुवात त्यानंतर काही दिवसांनी दिसली, तर कागदावर सेवेत फट पडते. निवृत्तिवेतनासाठी किमान १० वर्षांची सेवा मोजली जाते, त्यामुळे नऊ-साडेनऊ वर्षे झालेल्यांना अशी फट महागात पडू शकते. पहिल्या टप्प्यातील जुनी खाती ३० नोव्हेंबरला संपतील आणि नवी १ डिसेंबरला सुरू होतील. जानेवारीत आपले पासबुक उघडून या दोन तारखा आपण स्वतः पाहाव्यात, आणि त्यांत एका दिवसाचाही फरक दिसला तर आम्हाला कळवावे.

कामगार विम्याचा क्रमांक बदलत नाही. आपले कुटुंब सातपूर, सिडको किंवा नाशिकरोड परिसरातच राहणार असेल, तर दवाखाना बदलण्याची गरज नाही. कुटुंब सिन्नरला हलवणाऱ्यांनी नवा पत्ता द्यावा, म्हणजे दवाखाना बदलून घेता येईल.

पगार, भत्ते आणि सेवाज्येष्ठता?

पगार आणि घरभाडे भत्ता कमी होणार नाही, आणि सातपूरच्या कामगारांशी झालेला वेतनकरार बदली झालेल्यांना तसाच लागू राहील. सेवाज्येष्ठता सातपूरच्या यादीनुसार मोजली जाईल. मुसळगावला नव्याने भरती झालेल्या मुलांच्या यादीत आपले नाव तळाला टाकले जाणार नाही, हे संघटनेला लेखी दिले आहे.

प्रोत्साहन भत्ता मात्र अजून ठरलेला नाही. तो सध्या लाइनच्या उत्पादनाशी जोडलेला आहे. मशीन हलल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत उत्पादन कमी भरणारच, आणि त्याचा फटका ऑपरेटरला बसणे अन्यायाचे होईल, असे माझे मत आहे. त्या काळात मागील तीन महिन्यांची सरासरी धरावी, असा प्रस्ताव आम्ही दिला आहे. त्यावरचा निर्णय १५ नोव्हेंबरपर्यंत लागेल.

पाळ्यांच्या वेळा बदलतील का?

मुसळगावला पहिली पाळी अर्धा तास उशिरा सुरू करण्याचा विचार आहे. परंतु पाळ्यांच्या वेळा, कामाचे तास किंवा रजा यांत बदल करण्यापूर्वी कामगारांना २१ दिवसांची लेखी सूचना देणे कायद्याने बंधनकारक आहे. ती सूचना अजून निघालेली नाही, म्हणून आज कोणी तोंडी वेळ सांगत असेल तर ती अंतिम समजू नये. सूचना निघाल्यावर आपली हरकत संघटनेमार्फत किंवा स्वतंत्रपणे देता येईल.

रोज इतक्या लांब जायचे कसे?

सातपूरहून मुसळगावपर्यंतचे अंतर पस्तीस ते चाळीस किलोमीटरच्या घरात आहे, आणि किलोमीटरपेक्षा द्वारका आणि नाशिकरोडची गर्दी अधिक वेळ खाते, याची आम्हाला जाणीव आहे. सातपूर, त्र्यंबक नाका, सिडको आणि नाशिकरोड येथून कंपनीच्या बस निघतील, आणि त्यांचे भाडे कर्मचाऱ्यांकडून घेतले जाणार नाही. एवढे पक्के आहे. बसचे थांबे आणि वेळा यांसाठी आम्ही प्रत्येकाचा राहण्याचा पत्ता नकाशावर मांडत आहोत, आणि तो तक्ता १० नोव्हेंबरला लागेल.

प्रवासासाठी जाणारा वेळ कामाच्या तासांत धरावा, ही मागणी मान्य झालेली नाही. बस उशिरा पोहोचली तर हजेरीत उशीर लावला जाणार नाही, हे मात्र मान्य झाले आहे. महिला कर्मचाऱ्यांना लेखी संमतीशिवाय रात्रपाळी दिली जाणार नाही, आणि दुसऱ्या पाळीनंतर त्यांची बस थांब्याऐवजी घराजवळ सोडील.

२०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मुख्य स्नाने आहेत. त्या दिवसांत शहरातील कोणते रस्ते बंद राहतील हे प्रशासन ठरवील, त्यामुळे त्या काळातील बसबाबत आज काहीही सांगता येत नाही.

दुसऱ्या टप्प्याची तारीख का सांगत नाही? काही लपवले जात आहे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला गेला, आणि त्यामागची शंका समजण्यासारखी आहे. तारीख ठरवणे आपल्या एकट्याच्या हातात नाही, आणि ते कसे, हे मशीन शॉपमधील ज्येष्ठ मंडळी ओळखतीलच.

वाहन उद्योगाला सुटे भाग देणाऱ्या कारखान्याने एखादा भाग बनवण्याची जागा बदलली, तर तोच भाग, तेच ड्रॉइंग आणि तेच मशीन असले तरी ग्राहकाची मंजुरी पुन्हा घ्यावी लागते. आपण ज्याला पीपीएपी म्हणतो ती ही प्रक्रिया. तिच्याआधी ग्राहकाची लाइन थांबू नये म्हणून काही आठवड्यांचा माल जास्त बनवून साठवावा लागतो. मग मशीन सोडवून नेणे, मुसळगावच्या पायावर बसवणे, ग्राउटिंग पूर्ण सुकू देणे, लेव्हल घेणे आणि स्पिंडलची भूमिती तपासणे, अशी कामे ओळीने येतात. यांत घाई केली की काय होते, हे काही महिन्यांपूर्वी चाचणीसाठी हलवलेल्या एका मशीनने दाखवले: पाया पुरता सुकण्याआधी लेव्हल घेतली गेली, आठ दिवसांत ती सरकली आणि बोअरचे माप फिरू लागले. ती लेव्हल पुन्हा घ्यावी लागली आणि जवळजवळ दोन आठवडे गेले.

मशीन बसल्यावर चाचणी उत्पादन घेतले जाते. ग्राहकाने वेगळे सांगितले नसेल, तर ते सलग किमान ३०० नगांचे असते. त्या नगांची मापे घेऊन प्रक्रियेच्या क्षमतेचा निर्देशांक काढतात. हा निर्देशांक १.६७ च्या वर असेल तर अडचण येत नाही. १.३३ ते १.६७ च्या दरम्यान असेल तर ग्राहकाशी चर्चा करावी लागते, आणि त्याखाली गेला तर सुधारणा करून पुन्हा नग काढावे लागतात, तोपर्यंत प्रत्येक नगाची तपासणी करावी लागते. त्यानंतर कागदपत्रे ग्राहकाकडे जातात, त्यांचा माणूस पाहणीला येतो आणि मग सही मिळते.

ग्राइंडिंग लाइनवरचे सगळे भाग एकाच ग्राहकाचे आहेत आणि त्याने चाचणीचे नग मंजूर केले आहेत, म्हणून पहिल्या टप्प्याची तारीख देता आली. मशीनिंग सेंटरच्या लाइनवर तीन ग्राहकांचे भाग आहेत. त्यांतील दोघांनी पाहणीची तारीख दिलेली नाही आणि तिसऱ्याने आपले उत्तर राखून ठेवले आहे. तिसऱ्याने नकार दिला तर त्याच्या भागांची मशीन्स सातपूरलाच राहतील, आणि २६ पैकी काही जागा हलणारच नाहीत. किती जागा, हे आज कोणालाच माहीत नाही, व्यवस्थापकीय संचालकांनाही नाही. प्रत्येक भागाची मंजुरी कोठवर आली आहे याचा तक्ता मशीन शॉपच्या फलकावर लावला जाईल, म्हणजे आम्हाला कळेल त्याच आठवड्यात आपल्यालाही कळेल. दुसऱ्या टप्प्यातील कोणालाही ४५ दिवस आधी लेखी कळवल्याशिवाय हलवले जाणार नाही.

मला जाणे शक्य नाही. काय करावे?

घरी कोणाचे उपचार चालू असणे, लहान मुलाला सांभाळणारे दुसरे कोणी नसणे, स्वतःचे शारीरिक दुखणे, किंवा निवृत्तीला दोन वर्षांहून कमी काळ उरलेला असणे, या कारणांसाठी बदलीतून सूट मागता येईल. अर्ज साध्या कागदावर चालेल. विभागप्रमुख, मनुष्यबळ विभाग आणि संघटनेचा एक प्रतिनिधी मिळून तो पाहतील आणि दहा दिवसांत उत्तर देतील. नकार दिला तर त्याचे कारण लेखी दिले जाईल.

सर्वांना सूट मिळेल असे आम्ही म्हणत नाही. सातपूरला इतर कामांत सामावून घेता येतील अशा जागा सध्या ११ आहेत. अर्ज त्याहून जास्त आले तर आजारपणाच्या कारणाला पहिला आणि निवृत्तीला दुसरा क्रम दिला जाईल. हा क्रम संघटनेशी बोलून ठरवला आहे.

मेंटेनन्स आणि स्टोअरचे दोन प्रमुख आहेत. दोन विभागांचा एक झाल्यावर दुसऱ्याचे काय?

दोन्ही विभागांत प्रमुखाची जागा एकच राहील. चारही सहकाऱ्यांशी याबद्दल समोरासमोर बोलणे झाले आहे आणि त्यांना विचारूनच हे येथे लिहिले आहे. निवड कोणाची, हे ठरलेले नाही. ३० नोव्हेंबरपर्यंत ते ठरेल. ज्यांची निवड होणार नाही त्यांची श्रेणी आणि पगार कायम राहतील, परंतु त्यांच्या कामाचे स्वरूप काय असेल याचे समाधानकारक उत्तर आज आमच्याकडे नाही.

कंत्राटी कामगार आणि अप्रेंटिस?

अप्रेंटिसचे प्रशिक्षण करारानुसार पूर्ण होईल. कंत्राटी कामगारांबाबत ठेकेदारांशी बोलणी चालू आहेत, आणि संचालक मंडळाच्या ठरावात त्यांचा समावेश नाही. हे लिहिताना जड वाटते, कारण त्यांतील काही जण दहा-दहा वर्षे आपल्यासोबत आहेत. तरीही त्यांना खोटा दिलासा देणे अधिक वाईट ठरेल. लोडिंग आणि पॅकिंगचे काम मुसळगावला वाढणार आहे, आणि ते काम आधी त्यांनाच विचारावे, अशी अट नव्या ठेक्यात घालण्यासाठी आम्ही आग्रह धरला आहे. ठेक्यावर २० नोव्हेंबरला सही होणार आहे, आणि अट त्यात आली की नाही ते त्याच दिवशी फलकावर लावू.

पुढची माहिती कोठे आणि केव्हा मिळेल?

दर गुरुवारी दुपारी तिन्ही कारखान्यांच्या फलकांवर एक पानी पत्रक लागेल. त्या आठवड्यात नवे काही ठरले नसेल, तरीही पत्रक लागेल आणि त्यात तसेच लिहिलेले असेल. वर दिलेली एखादी तारीख पाळता आली नाही, तर ती टळण्यापूर्वीच्या गुरुवारी नवी तारीख आणि कारण दिले जाईल. प्रत्यक्ष बोलायचे असल्यास मंगळवारी पहिली पाळी सुटताना आणि शुक्रवारी दुसऱ्या पाळीच्या जेवणाच्या सुट्टीत मी सातपूरच्या कँटीनमध्ये असेन. येताना शेवटची पगारपावती आणि पासबुकाची प्रत आणावी, म्हणजे आपल्या सेवेच्या तारखा तेथेच ताडून पाहता येतील.

— मनुष्यबळ विभागप्रमुख, नाशिक